प्रपोजलच्या पहिल्या पानावरचा ‘च’

परवा संध्याकाळी आमच्या टीममधल्या मुलीने एक प्रपोजल पाठवायच्या आधी त्याची कव्हर नोट माझ्याकडे वाचायला दिली. प्रपोजल सोळा पानांचं, मन लावून केलेलं. नोट दहा ओळींची. त्यातल्या या दोन ओळी तिची परवानगी घेऊन इथे देतोय:

“आमच्या अनुभवी व तज्ज्ञ टीमच्या साहाय्याने आम्ही आपणास सर्वोत्तम, जलद आणि १०० टक्के अचूक सेवा अत्यंत वाजवी दरात निश्चितच देऊ, याची खात्री बाळगावी. आपल्या सेवेची एक संधी आम्हाला अवश्य द्यावी, ही नम्र विनंती.”

पहिल्या वाक्यात छाती फुगवलेली आणि दुसऱ्यात लगेच हात जोडलेले. तिला हसण्याचा मला काही अधिकार नाही, मी स्वतः पाचसहा वर्षं असंच लिहीत होतो. एकदा एका क्लायंटने फोन करून शांतपणे विचारलं होतं, “पत्र वाचलं. पण काम किती दिवसांत होईल?” पत्रात ‘अल्पावधीत’ लिहिलं होतं मी. ते काम दुसऱ्या कुणाला गेलं.

आता मूळ काम काय होतं ते सांगतो. एका कारखान्याकडे जुनी ड्रॉइंग आणि देखभालीच्या फायली आहेत, साधारण ६० हजार पानं. ती स्कॅन करून शब्द टाकला की सापडतील अशी करून द्यायची. नऊ आठवड्यांत त्यांना ती इमारत रिकामी करायची आहे, म्हणून घाई.

मी तिला विचारलं, “जलद म्हणजे किती?”

“३५ कामाचे दिवस, सर. सातव्या पानावर आहे.” तिला पाठ होतं. दिवसाला अडीच हजार पानं धरली तर स्कॅनिंगचे २४ दिवस. नावं देणं, अनुक्रमणिका आणि तपासणीचे ११. आठवड्याला पाच दिवस धरून सात आठवडे.

“मग हे इथे का नाही?”

“इथे जरा टोन चांगला वाटावा म्हणून...”

खरी गोची इथे आहे. आपल्या डोक्यात कामाची वाटणी पक्की झालेली असते: माहिती प्रपोजलमध्ये आणि टोन कव्हर नोटमध्ये. त्यामुळे ज्या पानावरून वाचणारा आपल्याबद्दल मत बनवणार, तिथेच आपण माहिती काढून घेतो आणि रिकाम्या जागी विशेषणं भरतो. ‘जलद’ ऐवजी ‘३५ कामाचे दिवस’ लिहिलं की टोन आपोआप बदलतो. आकडा लिहिणारा माणूस आधी हिशोब करून आलेला असतो आणि ते वाचणाऱ्याला दिसतं. ‘अनुभवी’चंही तेच. आधीचं एखादं तशाच प्रकारचं काम एका ओळीत सांगता येत असेल तर सांगा, नसेल तर तो शब्द गाळा. कुठलाही स्पर्धक स्वतःला अननुभवी म्हणणार नाहीये.

मराठीत या सेल्समनी सुराची आपली खास हत्यारं आहेत. विशेषणांवर सगळ्यांची नजर जाते, ‘च’वर कुणाची जात नाही. ‘वेळेतच देऊ’, ‘आम्हीच करू शकतो’, ‘समाधान होईलच’. बोलताना ‘च’ आवाजाच्या चढउतारात मुरून जातो. कागदावर मात्र तो टेबलावर हात आपटल्यासारखा वाटतो आणि समोरच्याच्या मनात नसलेली शंका निर्माण करतो. कुणी म्हणालं होतं का, की तुम्ही उशीर कराल? ‘निश्चित’, ‘नक्की’, ‘अवश्य’, ‘खात्री बाळगा’ ही सगळी त्याचीच भावंडं. ‘काम ३५ कामाच्या दिवसांत पूर्ण करू’ यात जेवढा ठामपणा आहे, त्यात ‘निश्चितच’ घालून वाढ होत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे क्रियापद. ‘करण्याचा प्रयत्न करू’, ‘करण्याचा मानस आहे’, ‘करून देण्यात येईल’, ‘आपण संधी दिल्यास करू’. सगळं विनम्र वाटतं, पण करणारा कुठेतरी लपलेला असतो. साधं ‘करू’ आणि ‘करतो’ पुरतं. अगदी माहिती नसलेल्या ठिकाणी ‘अंदाजे’ जरूर म्हणावं, पण एकदाच, योग्य जागी आणि कारणासह. ‘पानांची संख्या कपाटांच्या मापावरून काढलेली आहे, त्यामुळे ती ६० हजारांच्या थोडी मागेपुढे होईल’ हे वाक्य डळमळीत वाटत नाही. उलट कुणीतरी टेप घेऊन कपाटापाशी उभं राहिलं होतं हे त्यातून कळतं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो ‘१०० टक्के अचूक’वरून. तिचं म्हणणं, सगळे लिहितात, आपण नाही लिहिलं तर कमी पडू. मी विचारलं, जमणार आहे का? नाही. जाऊन आलेल्या टीमने निरनिराळ्या कपाटांतली मिळून २०० पानं पाहिली होती. त्यातल्या २२ पानांवर पेन्सिलीने हाताने लिहिलेल्या फिकट नोंदी होत्या. म्हणजे ११ टक्के, एकूणात साडेसहा हजारांच्या आसपास पानं. स्कॅनमध्ये त्या नोंदी डोळ्यांना दिसतील, पण सॉफ्टवेअरला छापील अक्षरं वाचता येतात तशी ही वाचता येणार नाहीत, म्हणून त्या शोधात सापडणार नाहीत. हे प्रपोजलमध्ये कुठे होतं? चौदाव्या पानावर, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली, बारीक टाइपात.

मी म्हटलं, हे उचल आणि नोटमध्ये आण. तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आपली कमतरता पहिल्या पानावर? पण ही कमतरता आपली नाहीये, त्या कागदांची आहे. कारखान्याच्या इंजिनिअरला ती ठाऊक आहे, कारण त्याने ती पानं आयुष्यभर हाताळलीत. जो ‘१०० टक्के’ लिहील तो कपाट न उघडता लिहितोय हे त्याला लगेच कळेल. मर्यादा आधी आपण सांगितली की उरलेल्या वाक्यांना वजन येतं. मात्र ती सांगून तिथेच थांबायचं नाही, तिचं काय करणार हेही पुढच्या वाक्यात सांगायचं. नुसती मर्यादा म्हणजे हात झटकणं.

दराबद्दल फार बोलत नाही. ‘अत्यंत वाजवी’ म्हणणं म्हणजे दर जास्त आहे ही भीती स्वतःच बोलून दाखवणं. रक्कम कुठल्या पानावर आहे, तिच्यात काय धरलंय आणि काम वाढलं तर काय होईल, एवढं सांगून पुढे जावं.

शेवट मात्र महत्त्वाचा. ‘आपल्या सकारात्मक प्रतिसादाच्या प्रतीक्षेत’ लिहिलं की चेंडू त्यांच्या अंगणात टाकून आपण दारात बसलो. दुसरं टोक म्हणजे ‘हा दर शुक्रवारपर्यंतच’, ती तर सरळ दुकानदारी झाली. मुदत सांगायचीच असेल तर तिचं कारण क्लायंटच्या कामातून आलेलं असावं. इथे ते आयतं होतं: त्यांच्या हातात नऊ आठवडे, काम सात आठवड्यांचं. म्हणजे दोन आठवड्यांत सुरुवात झाली नाही तर इमारत सोडायच्या आधी ते संपत नाही. हे दडपण आपण आणत नाही, कॅलेंडर आणतंय.

तासाभराने नोट अशी झाली:

“तुम्हाला नऊ आठवड्यांत इमारत रिकामी करायची आहे आणि त्याआधी सुमारे ६० हजार पानं शोधता येतील अशा रूपात हवी आहेत. आम्ही हे काम ३५ कामाच्या दिवसांत, म्हणजे सात आठवड्यांत पूर्ण करू. पुढच्या दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर ते वेळेत बसतं.

तुमच्या स्टोअरकीपरनी हाताने केलेली कपाटांची यादी आम्हाला दाखवली. फायलींना नावं देताना आम्ही तीच वापरणार आहोत, म्हणजे तुमच्या लोकांना नवी पद्धत शिकावी लागणार नाही.

आम्ही २०० पानांचा नमुना पाहिला. सुमारे ११ टक्के पानांवर पेन्सिलीच्या नोंदी आहेत. त्या स्कॅनमध्ये दिसतील, पण शब्द टाकून सापडणार नाहीत. अशा पानांची वेगळी यादी आम्ही देऊ. बाकीच्यांपैकी दर पंचविसावी फाइल आमचा माणूस उघडून तपासेल. एखाद्या गठ्ठ्यात शंभरात एकापेक्षा जास्त चुका निघाल्या तर तो गठ्ठा आम्ही पुन्हा करू, त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. मूळ कागद तुमच्याच इमारतीत राहतील.

एकूण रक्कम पान ४ वर आहे. पानं ६० हजारांहून जास्त निघाली तर पुढच्या पानांनाही तोच दर लागेल.

आम्हाला तुमच्याकडून एक खोली आणि कपाटांच्या किल्ल्या असलेला एक माणूस लागेल. मंगळवारी सकाळी मी फोन करते, तेव्हा सुरुवातीची तारीख ठरवू.”

यात स्टोअरकीपरचा उल्लेख मी मुद्दाम घालायला लावला. आधीच्या मसुद्यात सगळं इतकं कोरडं झालं होतं की नोटीस वाटत होती. ही चूक मी बऱ्याचदा केली आहे: विक्रीचा सूर काढता काढता माणूसच काढून टाकायचा. ऊब आणायला ‘आपल्यासोबत काम करणे हा आमचा बहुमान’ लिहावं लागत नाही. त्यांच्याकडे जाऊन काय पाहिलं आणि त्याचं काय केलं हे सांगितलं की पुरतं.

हेही सांगून ठेवतो की ठरलेल्या नमुन्यात भरायच्या निविदांमध्ये यातलं फारसं चालत नाही, तिथे ते म्हणतील तेच आणि तसंच लिहावं. आणि आत हिशोबच नसेल तर नोट कितीही सुधारा. ‘जलद’च्या जागी लिहायला ३५ हा आकडा असावा लागतो.

मंगळवारी तिने फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न पेन्सिलीच्या पानांचा: ती यादी आधी मिळेल का, म्हणजे त्यातली महत्त्वाची पानं त्यांचे निवृत्त होणारे फोरमन स्वतः वाचून टाइप करवून घेतील. तिने ‘बघून सांगते’ म्हटलं, हिशोब केला आणि अर्ध्या तासात कळवलं की दहाव्या दिवशी पहिली यादी देऊ. तूर्त त्यांनी दोन कपाटांचं काम दिलंय, बाकीचं ते पाहून.

जाता जाता तिने मला पकडलं. “सर, एक ‘च’ तुम्ही ठेवलात. ‘तुमच्याच इमारतीत राहतील.’” खरंच ठेवलाय. कागद बाहेर जाणार का, ही शंका त्यांनी भेटीत दोनदा विचारली होती.