रेषांच्या टोकाशी दहा नावं मावतात, मोजून बघा

"चार्टमध्ये सात-आठच्या वर रेषा असतील तर टोकाशी नावं लिहू नका, लेजंडच द्या. एक, नावं एकमेकांवर चढतातच. दोन, रंग नीट वेगळे निवडले की लेजंड पुरतं. तीन, जगभर लेजंड हीच प्रमाण पद्धत आहे. चार, पुढचा आकडा भरला की टोकाची नावं पुन्हा हाताने सरकवत बसावं लागतं."

हा मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी केलेला, चांगला वाचता येणारा आलेख त्यापायी मोडला. टोकाची नावं काढली आणि उजवीकडे लेजंड, म्हणजे कोणता रंग कोणाचा हे सांगणारी दहा रंगांची यादी, लावली. आता तो आलेख तिला स्वतःलाही पटकन वाचता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त बोलायला हवं, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. तिचाच आलेख घेऊ. विषय दहा राज्यांची साक्षरता, १९८१ ते २०११ च्या जनगणनांमधली. २०११ ला रेषा संपतात त्या या आकड्यांवर: केरळ ९४.०, हिमाचल ८२.८, महाराष्ट्र ८२.३, तमिळनाडू ८०.१, गुजरात ७८.०, पश्चिम बंगाल ७६.३, पंजाब ७५.८, हरियाणा ७५.६, कर्नाटक ७५.४ आणि बिहार ६१.८. गर्दी आहे, हे खरंच. पंजाब, हरियाणा, कर्नाटक तिघं मिळून अर्ध्या टक्क्याच्या आत आहेत. नावं जशीच्या तशी टोकाशी ठेवली तर तिथे काळा डाग दिसेल.

पण नाव टोकाच्या अगदी समोरच हवं, असं कुणी सांगितलं? उभा अक्ष ३० ते १०० आणि आलेखाची उंची १० सेंटिमीटर धरा. म्हणजे एका टक्क्याला साधारण १.४ मिलिमीटर मिळतात. नऊ पॉइंटच्या देवनागरी अक्षराला वरच्या वेलांट्या-मात्रा आणि खालचे उकार धरून एका ओळीसाठी चार मिलिमीटरच्या किंचित वर जागा लागते, म्हणजे अक्षावर तीन टक्के. दहा नावांना तीस टक्क्यांची जागा हवी आणि आपल्याकडे सत्तर टक्के आहेत. जागा निम्म्याहून जास्त उरते. अडचण फक्त वाटपाची आहे.

वाटप असं करायचं. नावं शेवटच्या आकड्यानुसार वरून खाली लावा. ज्यांच्यात तीन टक्क्यांचं अंतर नाही, त्यांचा एक गठ्ठा करा. इथे हिमाचलपासून कर्नाटकापर्यंत आठ नावांचा एकच गठ्ठा होतो. त्यांच्या आकड्यांची सरासरी ७८.३ येते. गठ्ठ्याचा मध्य तिथे ठेवून नावं तीन-तीन टक्क्यांवर मांडली की हिमाचलचं नाव ८८.८ वर जातं, महाराष्ट्राचं ८५.८ वर, आणि असं उतरत कर्नाटकाचं ६७.८ वर येतं. वर केरळ ९४ ला आहे, खाली बिहार ६१.८ ला, दोघांनाही धक्का लागत नाही. लागला असता तर त्यांनाही गठ्ठ्यात घेऊन सरासरी पुन्हा काढायची, इतकंच.

सगळ्यात जास्त सरकलं कर्नाटक, सुमारे अकरा मिलिमीटर. तेवढ्यासाठी रेषेच्या टोकापासून नावापर्यंत एक बारीक करडी जोडरेषा ओढायची. नावांचा क्रम आणि टोकांचा क्रम एकच असल्यामुळे या जोडरेषा एकमेकींना छेदत नाहीत. छेदताना दिसल्या तर समजा की क्रम चुकला आहे. आणि पंजाब, हरियाणा, कर्नाटक वेगळे दाखवण्याची गरजच नसेल तर तिघांची नावं एका ओळीत लिहा. वाचणाऱ्याला कळायचं ते कळतं.

आता रंगांचं. हा मुद्दा मला खरोखर घातक वाटतो. एक्सेलच्या नेहमीच्या थीममध्ये रेषांसाठी सहा रंग असतात. सातव्या रेषेपासून त्याच सहांच्या गडद छटा येतात. पायथनच्या matplotlib मध्ये मुळातले रंग दहा, अकरावी रेषा पुन्हा पहिल्याच निळ्या रंगात निघते. भाचीच्या आलेखात फिका निळा आणि गडद निळा नेमके त्या गर्दीतच शेजारी आले. शिवाय एक्सेल लेजंड लावतं ते रकान्यांच्या क्रमाने. तिचे रकाने अकारविल्हे होते, म्हणून लेजंडमध्ये सगळ्यात वर कर्नाटक आणि आलेखात त्याची रेषा नववी. प्रत्येक रेषेसाठी डोळा यादीकडे जातो, रंग लक्षात ठेवून परत येतो, आणि तोवर छटा निसटलेली असते.

त्यात प्रकल्पाची काळी-पांढरी झेरॉक्स काढली की दहाही रेषा करड्या. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक, त्यांत बहुतेक पुरुष, प्रत्येक मोठ्या वर्गात असू शकतात. वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे WCAG मध्ये, १.४.१ हा निकष स्पष्ट सांगतो की माहिती पोचवण्याचं एकमेव दृश्य साधन रंग असता कामा नये. हा निकष 'ए' पातळीचा आहे, म्हणजे किमान अपेक्षेतला. निव्वळ रंगांवर चालणारं लेजंड तिथेच नापास होतं. टोकाशी नाव असलं की रंग फक्त मदतीला राहतो. मात्र नाव रेषेच्याच रंगात लिहायचं असेल तर पिवळा किंवा फिका रंग अक्षरांसाठी गडद करून घ्या.

तिसऱ्या मुद्द्यावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. रेषालेखांची सुरुवात करणाऱ्या विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये आयात-निर्यातीचे रेषालेख छापले तेव्हा नावं रेषांना लागूनच लिहिली होती. सॉफ्टवेअर जे आपोआप देतं ते प्रमाण ठरत नाही.

चौथ्यात अर्धं तथ्य आहे, ते मान्य करते. एक्सेलमध्ये शेवटच्या बिंदूवर थोडं थांबून दोनदा क्लिक करून तेवढाच बिंदू निवडला की डेटा लेबल लावता येतं, त्यात आकड्याऐवजी मालिकेचं नाव निवडता येतं आणि लेबल ओढलं की जोडरेषाही येते. पण ते लेबल त्या बिंदूला चिकटलेलं असतं. पुढच्या जनगणनेचा आकडा भरला तर नाव २०११ वरच राहील, आणि गर्दी मोडायचं काम हातानेच करावं लागेल. मात्र हा दोष एक्सेलचा आहे. R या प्रोग्रॅमिंग भाषेत ggplot2 सोबत, नावं आपोआप वेगळी सरकवणारं ggrepel वापरलं तर कोडमधला max(year) शेवटचं वर्षही स्वतः शोधतो:

```r
geom_text_repel(
  data = subset(d, year == max(year)),
  aes(label = state),
  direction = "y", hjust = 0, nudge_x = 1)
```

उजवीकडे अक्ष थोडा वाढवून नावांना जागा ठेवा, नाहीतर ती कापली जातात. जोडरेषा छेदत नाहीत ना, तेही एकदा नजरेखालून घाला.

मर्यादा कुठे येते तेही याच हिशेबाने कळतं. सत्तर टक्क्यांत तीन-तीनची तेवीस नावं बसतात. २०११ ची अठ्ठावीस राज्यं आणि सात केंद्रशासित प्रदेश एकाच आलेखात कोंबले तर पस्तीस नावं बसणार नाहीत. रेषा मध्येच पुन्हा पुन्हा एकमेकींना छेदत असतील तर टोकाच्या नावावरून मागे जाणंही अवघड होतं. पण पस्तीस रंगांचं लेजंड तिथे कुणाला वाचता येणार आहे? तिथे सगळ्या रेषा फिक्या करड्या करा आणि ज्या सहा-सात राज्यांबद्दल बोलायचं आहे तेवढीच रंगवून त्यांची नावं टोकाशी लिहा. प्रत्येक राज्य महत्त्वाचं असेल तर एकाच मापाचे छोटे आलेख करा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर राज्याचं नाव घाला.