मांड्या घासतात म्हणून पावडर ओतणाऱ्यांनो, आधी हे वाचा

“मांड्या घासून आग होते? महागड्या स्टिक आणि क्रीमच्या नादी लागू नका. घाम सुकला की घासणं बंद, साधी टाल्कम पावडर भरपूर टाका, दिवसभर बघायला नको. व्हॅसलीन-क्रीमने ओल धरते आणि नायटा होतो. तसाही हा त्रास जाड लोकांनाच होतो. लाल झालंच तर मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणून लावा, दोन दिवसात साफ.”

पावसाळा लागला की हा मेसेज नाशिकच्या निम्म्या ग्रुपवर फिरतो, आणि मग त्यातली शेवटची ओळ वाचून आलेली माणसं मला भेटतात, कारण मी फार्मासिस्ट आहे आणि सातपूरला मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय, थोडं लांबेल पण वाचा.

पावडरपासून सुरू करू. पावडर अजिबात कामाची नाही असं मी म्हणत नाही. कोरड्या कातडीवर कोरडी पावडर छान घसरते आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत दहा-पंधरा मिनिटं चालायचं असेल तर पुरते. पण जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की आलेला घाम उडतच नाही. पावडर जेवढं पाणी शोषू शकते तेवढं शोषते, मग भरते, आणि त्यानंतर येणारा घाम तिच्यातच मिसळून कणीक मळल्यासारखा चिकट गोळा होतो. तो गोळा बरोबर मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे दोन्ही मांड्या एकमेकींना लागतात, तिथेच जमतो आणि मग तोच घासायला लागतो. खोटं वाटत असेल तर हातावर करून बघा, मनगटाच्या आतल्या बाजूला पावडर लावून बोट फिरवा, मग दोन-चार थेंब पाणी टाकून परत फिरवा. पहिल्यांदा बोट सरकतं, दुसऱ्यांदा अडकतं.

आता मुळात होतं काय ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पूर्ण कोरडी कातडी बऱ्यापैकी घसरते. ओलसर कातडी मात्र चिकटते आणि सुटते, चिकटते आणि सुटते, प्रत्येक पावलाला. पाण्यात राहून वरचा थर फुगलेला आणि मऊ झालेला असतो त्यामुळे लवकर सोलवटतो. त्यात घाम अर्धवट सुकला की मीठ मागे राहतं, ते आणखी काचतं. म्हणजे दमट हवेत दिवसभर मांडी कोरडी ठेवणं हे काही आपल्या हातात नाही, हातात एवढंच आहे की ओल असली तरी मांडी मांडीवरून सरकली पाहिजे. स्टिक आणि जेली नेमकं हेच करतात.

स्टिकमध्ये बहुतेक मेण, वनस्पती तेलं किंवा सिलिकॉन असतं. डिओच्या कांडीसारखी फिरवायची आणि लावायची. मेणातेलाचा पातळ थर पाण्याला दाद देत नाही म्हणून घामाने लगेच धुऊन जात नाही, आणि हाताला चिकट न लागता कपडे घालता येतात. सिलिकॉनवाल्या जेलचा हात तर पावडरसारखा कोरडा लागतो, ऑफिसला जाणाऱ्यांना तो जास्त आवडतो. पण लावायची पद्धत चुकली तर पैसे वाया. आंघोळ झाल्या झाल्या अंग ओलं असताना लावू नका, नीट पुसा, पंख्याखाली पाच मिनिटं थांबा, मग जांघेच्या खाली जिथून मांड्या लागायला सुरुवात होते तिथून साधारण वीतभर खालपर्यंत, दोन्ही पायांना, तीन-चार वेळा फिरवा. घासणाऱ्या जागेच्या दोन बोटं पुढेमागेही लागलं पाहिजे कारण चालताना मांडी एका जागी राहत नाही. सकाळी लावलेली स्टिक साधारण दुपारच्या जेवणापर्यंत चालते, परतीच्या प्रवासाआधी परत लावायची. आणि तुमची स्टिक तुमचीच, घरात फिरवू नका.

हो, एक चूक खूप जण करतात, स्टिक किंवा जेली लावून वरून पावडर टाकतात, म्हणजे दोन्हीचा फायदा. तसं नाही होत, त्याचा लेप होतो आणि लेप घासतो. दोन्हीपैकी एकच वापरा.

आता व्हॅसलीन आणि नायट्याचं. नायटा बुरशीने होतो. ती बुरशी दुसऱ्याच्या टॉवेलमधून, कपड्यातून किंवा आपल्याच पायाच्या चिखल्यांमधून जांघेत येते आणि ओल मिळाली की वाढते. पेट्रोलियम जेलीत बुरशी नसते, ती एकटी नायटा करू शकत नाही. मात्र या मेसेजमध्ये एवढा एक दाणा खरा आहे की ओल्या कातडीवर जाड जेली थापली तर खालचा घाम अडकतो, आणि जांघेच्या अगदी घडीत लावली तर ती जागा दिवसभर भिजलेली राहते, मग आधीच बुरशी असेल तर तिला बरंच होतं. म्हणून जेली घडीत नाही, मांडीवर लावायची, आणि पुसून कोरडं केल्यावर लावायची. संध्याकाळी साबणाने धुवायची. जेलीचा खरा तोटा वेगळाच आहे, ती कपड्यांना लागते, फिक्या पँटवर डाग दिसतात, आणि कापड जेवढी पुसून नेईल तेवढी ती मांडीवरून कमी होते.

मग जेली घ्यायची कधी? माझ्या मामीचं सांगतो. ती श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करते, लहान फेरी म्हटली तरी वीसेक किलोमीटर, आणि तीही साडीत. कुशावर्तात स्नान करून ओल्या अंगानेच लोक निघतात, वरून पाऊस. साडीत परकर असला तरी आत मांड्या उघड्याच एकमेकींना लागतात हे कोणी बोलत नाही पण साडीवाल्या बायकांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. मामीने पावडर टाकली होती, ती स्नानातच गेली असणार, फेरी निम्मी व्हायच्या आत पाय फाकवून चालायला लागली आणि घरी आली तेव्हा दोन्ही मांड्यांना तळहाताएवढी सालटं निघालेली. पुढच्या वर्षी आम्ही तीन गोष्टी बदलल्या. परकराच्या आत गुडघ्याच्या थोडं वरपर्यंत येणारी, लवकर वाळणाऱ्या ताणल्या जाणाऱ्या कापडाची घट्ट शॉर्ट घातली, सुती नाही, कारण सुती भिजलं की भिजलेलंच राहतं. स्नानानंतर छोट्या नॅपकिनने आडोशाला पुसून, शॉर्ट चढवायच्या आधी जेलीचा ठळक थर लावला. आणि जेलीची छोटी डबी कमरेच्या पिशवीत ठेवली, अर्ध्या वाटेवर चहाला थांबले तेव्हा परत लावली, जळजळ सुरू व्हायची वाट न बघता. मामी नीट चालत घरी आली, थोडी लाली होती ती रात्रीत गेली. इथे स्टिक कमी पडली असती असं माझं मत, कारण इतक्या तासांच्या पावसात पातळ थर टिकत नाही, आणि रात्रीच्या फेरीत साडीला डाग पडला तरी कोण बघतंय.

जाडपणाबद्दल. मांड्या भरलेल्या असतील तर त्या जास्त लागतात हे उघड आहे, पण माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये सडपातळ पोरं कमी नाहीत. पहाटे गोदापार्कला पळणारे असतात. अंबड-सातपूरला बाइकवर कामाला जाणारेही असतात, त्यांचं तर वेगळंच प्रकरण, रेनकोटच्या पँटमधून वारा जात नाही, आतली जीन्स घामाने भिजते आणि तिची मधली जाड शिवण गेटपासून डिपार्टमेंटपर्यंत चालताना मांडीला काचते. इथे मांडी कापडाला घासतेय, त्यामुळे स्टिक लावाच पण जीन्स बदला. पातळ सपाट शिवणीची पँट घाला, किंवा कंपनीत पोचल्यावर बदलायला कोरडी पँट डब्याच्या पिशवीत ठेवा.

आता ती ट्यूब, आणि हे सगळ्यात नीट वाचा. लोक ज्याला खाजेची ट्यूब म्हणतात त्यातल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला स्टिरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. त्याने लाली आणि खाज एक-दोन दिवसात खरंच जाते म्हणून माणूस खूश होतो. पण मांडी नुसती घासलेली असेल तर त्याची गरजच नव्हती, आणि बुरशी असेल तर वरून शांत दिसतं, आत ती पसरत राहते आणि ट्यूब बंद केली की दुप्पट जागेवर उठते. शिवाय जांघेतली कातडी पातळ, तिथे स्टिरॉइड जास्त मुरतं, महिनोन् महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते आणि ताणल्यासारखे पट्टे पडतात, ते पट्टे परत जात नाहीत. अशी विशीतली पोरं मी बघितलीत आणि खूप वाईट वाटतं. ही ट्यूब चिठ्ठीशिवाय मागू नका, कोणी देत असेल तरी घेऊ नका.

घासलंय की नायटा आहे हे ओळखायचं कसं? घासलेलं त्याच दिवशी चालल्यावर होतं, आग होते, पाणी लागलं की झोंबतं, दोन्ही मांड्यांना समोरासमोर असतं आणि चालणं कमी केलं की दोन-तीन दिवसात उतरतं. नायट्यात आगीपेक्षा खाज जास्त, रात्री तर फारच, कडेला उंच खवलेदार गोल रेघ आणि मधला भाग त्यामानाने साफ, आणि आराम केला तरी गोल वाढतच जातो. नायटा वाटला तर थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

नुसतं घासलेलं असेल तर साध्या पाण्याने धुवा, टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या. अँटिसेप्टिक लिक्विड किंवा लिंबू लावू नका. घामोळ्याची थंड पावडर तर नकोच, त्यातलं मेंथॉल सोललेल्या कातडीवर भयंकर झोंबतं. रात्री झिंक ऑक्साइडचं क्रीम, लहान बाळांच्या लंगोटाच्या रॅशला लावतात तेच, पातळ लावा आणि सैल सुती लुंगी किंवा गाऊन घालून झोपा. हे क्रीम पांढरं आणि घट्ट असतं, दिवसा प्रवासात कपड्यांना फासतं, म्हणून ते रात्रीचं. सोललेलं भरेपर्यंत दिवसा जेली, आणि कातडी बुजली की परत स्टिक.

पावडर वापरायचीच असेल तर मक्याच्या स्टार्चची घ्या, कमी घ्या, आणि बायकांनी टाल्क योनीच्या आसपास टाकू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला बहुधा कर्करोगकारक या गटात टाकलंय.

शुगर असलेल्यांनी मात्र घरी थांबू नका. जखमेतून पू, वास, वाढत जाणारी सूज किंवा ताप यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि काहीच नसलं तरी जखम दोन-तीन दिवसात सुकायला लागली नाही तर जा.