रिस्कचं टेबल शेवटी भरायचं नसतं

“प्रोजेक्टवाल्यांनो, सेव्ह करून ठेवा. १) स्पायरल म्हणजे वॉटरफॉलच चारदा फिरवायचा. २) रिस्क अ‍ॅनालिसिस म्हणजे रिपोर्टच्या शेवटी एक टेबल, कुठूनही उचला. ३) व्ही मॉडेलमध्ये टेस्टिंग पहिल्या दिवसापासून असतं, म्हणून सगळ्यात सेफ तेच. ४) स्पायरल फक्त मोठ्या कंपन्यांसाठी.”

खारघरहून भाचीने हा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, उद्या सिनॉप्सिस द्यायचाय. व्ही लिहू ना?” स्पायरल, वॉटरफॉल आणि व्ही या सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामाचे टप्पे आखायच्या पद्धती. वॉटरफॉलमध्ये टप्पे एकामागून एक सरळ येतात, स्पायरलमध्ये काम फेऱ्याफेऱ्यांनी पुढे जातं, आणि व्हीमध्ये डाव्या बाजूच्या प्रत्येक टप्प्यासमोर उजव्या बाजूला त्याची टेस्ट असते. मी ऐरोलीला ऑफिसात होते. हातातलं काम बाजूला ठेवून तिला फोन केला, कारण दुसऱ्या मुद्द्याने चार पोरांचं अख्खं सेमिस्टर वाया जाऊ शकतं.

पहिला मुद्दा लवकर संपतो. स्पायरल मांडणाऱ्या बॅरी बोहम यांनीच २००० साली एका अहवालात स्पायरलसारख्या दिसणाऱ्या, पण घातक नकलांची यादी दिली. एकामागून एक लावलेले वॉटरफॉल त्या यादीत आहेत. आकृती गोल आहे एवढ्यावरून कुणी स्पायरल ओळखू नये.

आता ते टेबल. बोहम यांचा १९८८चा लेख आयईईईच्या ‘कम्प्युटर’ मासिकात आला होता. त्यात प्रत्येक फेरीत आधी उद्दिष्टं, पर्याय आणि मर्यादा मांडायच्या, मग रिस्क शोधायची, आणि पुढे काय करायचं ते त्या रिस्कवरून ठरवायचं. स्क्रीन कशी हवी किंवा वेग पुरेल का, हीच धास्ती मोठी असेल तर आधी प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना करा. ती मिटली असेल तर सरळ वॉटरफॉलसारखं पुढे जा, असंही त्याच लेखात आहे. म्हणजे रिस्क आधी येते आणि काम तिच्या मागून. टेबल शेवटी भरलं तर त्यावरून ठरवायला काही उरतच नाही.

भाचीच्या ग्रुपचंच घ्या. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने मोबाइलने नंबरप्लेटचा फोटो काढायचा, अ‍ॅपने नंबर वाचून नोंद करायची. चौघांचा बेत होता लॉगिन, डेटाबेस, रिपोर्ट आधी आणि प्लेट वाचणं शेवटी, कारण “त्याची तयार कोडची लायब्ररी मिळते”. मी विचारलं, रात्री, पावसात, वॉचमनच्याच फोनवर ती वाचेल का? कुणी करून पाहिलं नव्हतं.

मग हिशोब केला. वाचता न येण्याची शक्यता आम्ही ०.६ धरली. हे मार्चमध्ये कळलं तर चौघांचे चार आठवडे, म्हणजे १६ माणूस-आठवडे बुडणार. ०.६ गुणिले १६ म्हणजे ९.६, हे रिस्क एक्स्पोजर. आधी गेटवर चाचणी घेतली आणि गरज पडल्यास बेत बदलला तर शक्यता ०.१ वर येते, एक्स्पोजर १.६ वर. चाचणीचा खर्च अर्धा माणूस-आठवडा. वाचलेले ८ भागिले ०.५, म्हणजे १६ पट फायदा. आकडे अंदाजाचेच आहेत, पण ०.६ च्या जागी ०.३ धरलं तरी गेटवर आधी जावंच लागतं.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. व्हीमध्ये रिक्वायरमेंट लिहितानाच अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टही लिहितात, आणि “अ‍ॅपने नंबर लवकर वाचावा” हे मोघम वाक्य तिथेच पकडलं जातं. पण ऑगस्टमध्ये लिहिली जाते ती टेस्ट फक्त कागदावर असते. चालवली जाते व्हीच्या उजव्या बाजूच्या टोकाला, सगळं बांधून झाल्यावर. प्लेट वाचता येत नाही हे या पोरांना मार्चमध्येच कळलं असतं, फक्त फॉरमॅट नीट असता.

चौथ्याचं एवढंच, की फेऱ्या किती ते रिस्क ठरवते, कंपनीचा आकार नाही. स्पायरलची खरी अडचण वेगळी आहे आणि बोहम यांनी ती स्वतःच नोंदवली आहे: रिस्क ओळखण्याचा अनुभव लागतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे तो कुठून असणार? म्हणून गाइडने सिनॉप्सिसच्या वेळीच “कशामुळे हे बुडेल?” असं विचारायला हवं. नेहमीचं लायब्ररीचं पुस्तक-देवाणघेवाण अ‍ॅप असेल तर खुशाल वॉटरफॉल लिहावा, त्यात शोधण्यासारखं फार काही नसतं.

सिनॉप्सिस दोन दिवस उशिरा गेला. त्याआधी पोरं रात्री आठ वाजता गेटवर उभी राहिली, वॉचमनकाकांचा फोन घेऊन. ५० गाड्यांपैकी २९ नंबर बरोबर आले. हेडलाइटची तिरीप, चिखल आणि दुचाकींच्या दोन ओळींच्या प्लेट्स यांनी बाकीचे घालवले. काका म्हणाले, “शेवटचे चार आकडे मी टाइप करतो ना, रजिस्टरात तेच तर लिहितो.” बेत तिथल्या तिथे बदलला: चार आकडे टाका, सोसायटीतल्या गाड्यांची यादी समोर येईल, बाहेरची असेल तर पूर्ण नंबर लिहा. कॅमेरा गेला. दुसऱ्या फेरीच्या वहीत पहिल्या ओळीवर आता लिहिलंय, “बेसमेंटच्या गेटला नेटवर्क नाही.”