शिक्क्याखालचा सात

जत्रेच्या स्मरणिकेत ‘तेव्हाचा खर्च, आताचा खर्च’ असा चौकोन टाकायचा, ही कल्पना देवस्थानच्या सचिवांची. आकडे शोधायचे मी, कारण खजिनदार मी. माझ्या वाट्याला आली 1960 सालची पावत्यांची फाईल, तिच्यातली वाळवी आणि नाटकाच्या पडद्यांच्या भाड्याची एक पावती.

आकडा होता 148$00 किंवा 748$00. पुतण्या म्हणाला, “काका, देवस्थान डॉलरात पैसे द्यायचं?” त्याला सांगितलं, बाबा, 1959पासून इथे गोव्यात पोर्तुगीजांचा रुपिया जाऊन एस्कुदो आला होता, सहा एस्कुदोंना एक रुपिया. आपण टिंब देतो तिथे ते हे चिन्ह घालत.

अडचण पहिल्या अंकाची होती. पोर्तुगीज शाळेत घडलेला हात एकाला वर लांब शेंडी काढतो आणि तो साताशी गोंधळू नये म्हणून साताच्या कमरेला आडवी रेघ मारतो. म्हणजे सगळा फरक त्या रेघेचा. नेमक्या त्या कमरेवरून देवस्थानच्या जांभळ्या गोल शिक्क्याची कड गेली होती आणि खालून अध्यक्षांच्या सहीचं शेपूट. अक्षरी रक्कम तरी वाचावी, तर वाळवीने पहिला शब्द खाऊन ‘शे अठ्ठेचाळीस फक्त’ एवढं उष्टं ठेवलेलं. फक्त!

मग मी शहाण्यासारखी रोकडवही काढली. सकाळची शिल्लक 1204$00, संध्याकाळची 391$00, जमा काही नाही. खर्च झाला 813. त्यात तेलाचे 65, उरले 748. मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत शंका आली. संध्याकाळची शिल्लक पेटीतले पैसे मोजून लिहिली असेल तर हा पुरावा. पण कारकुनाने पावतीवरच्या एकाला सात समजून नुसती वजाबाकी केली असेल, तर ती त्याचीच चूक, दुसऱ्या पानावर नीटनेटकी लिहिलेली. अंक डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुटका नव्हती.

चवथीच्या मखराचा उरलेला लाल जिलेटीन कागद आठवला. जांभळ्या शाईत तांबडा अंश असतो, त्यामुळे लाल कागदातून ती फिकी पडते. निळी-काळी शाई मात्र आणखी काळी दिसते. (शिक्का आणि आकडा एकाच शाईचे असते तर मखर आणि मी दोघंही निरुपयोगी.) शिक्क्याची कड पुसट झाली आणि तिच्याखाली एक आखूड आडवी रेघ उरली.

ती सहीची असेल का? भिंगाखाली सहीचं शेपूट डावीकडून येऊन अंकाच्या खूप पुढे जात निमुळतं होत होतं. ही रेघ अंकाच्या दोन्ही बाजूंना जेमतेम तांदळाएवढी बाहेर येऊन थांबलेली. कमरपट्टाच!

इथेच थांबायला हवं होतं. पण उत्साहाच्या भरात पावतीमागे मोबाइलची बॅटरी लावली आणि साताच्या पायातून एक उजळ पट्टी आरपार गेलेली दिसली. छातीत धस्स झालं. पात्याने अंक खरवडला की तिथला कागद पातळ होऊन असाच उजळतो. चौसष्ट वर्षांपूर्वीचा घोटाळा माझ्या स्वयंपाकघरात उघडकीला येत होता! कोणाकोणाचे नातू आज समितीवर आहेत, हे मनात मोजूनही झालं.

बायको म्हणाली, “अख्खं पान धरा की उजेडात.” धरलं. तशीच पट्टी साताच्या वर होती, खाली होती, कोऱ्या समासातही होती, सगळ्या सारख्या अंतरावर. कागद बनवतानाच उमटलेला जलचिन्हाचा नमुना तो. खरवडलेली जागा तेवढ्यापुरती, वेडीवाकडी असते. तरी खात्री म्हणून बॅटरी बाजूने आडवी धरली. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहतात आणि त्यांच्या सावल्या पडतात. इथे सपाट. घोटाळा मावळला. खरं सांगतो, थोडं वाईटही वाटलं.

टिपणवहीत लिहिलं: ‘748$00. पहिला अंक शिक्क्याखाली, लाल कागदातून वाचला, रोकडवहीशी जुळतो.’ मूळ पावतीवर पेन्सिलही टेकवली नाही. आधीच तिथे एवढ्या जणांनी हात साफ करून घेतलेत.

सभेत आकडा वाचून दाखवला. म्हणजे तेव्हाचे जवळपास 125 रुपये. मागच्या बाकावरून नव्वदीतले एक महाजन खवळून उठले.

“सातशे अठ्ठेचाळीस? आणि तिसऱ्या अंकाला पडदा अर्ध्यावर अडकला! मी खाली मेलेला पडलो होतो. शेवटी उठून चालत आत गेलो.”

सचिवांनी ते स्मरणिकेसाठी लिहून घेतलं.