कंबर तीच, आकडा नवा

प्रिय ग्राहकहो,

स. न. वि. वि. ट्रायल रूममधून हल्ली जे सुस्कारे ऐकू येतात, त्यांमुळे हे पत्र लिहितोय. आपल्या दुकानाने कपडे पुरवणारी पार्टी बदलली आहे. तुमच्या कमरेला काहीही झालेलं नाही.

आधीची पार्टी मनाने फार मोठी होती. तिच्या पँटवर ३४ छापलेलं असे आणि प्रत्यक्षात कमरेत ती भरे ३६ इंच. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. नव्या पार्टीला हा दिलदारपणा जमत नाही. ३६ इंची पँटवर ते सरळ ३६ छापून मोकळे होतात.

परवा एका नेहमीच्या काकांनी सवयीने ३४ नेली. बटण काही काजापर्यंत पोहोचेना. काकांनी श्वास रोखला, बटण लागलं, पण मग काकांना बोलता येईना. शेवटी आतूनच निकाल आला, "शिवण चुकलीय!" मी त्यांची जुनी पँट पडद्यावरून मागून घेतली. बटण लावून ती काउंटरवर सपाट पसरली, पुढची-मागची पट्टी एकावर एक जुळवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप धरली. १८ इंच. दुप्पट केले की ३६. मग नवी ३६ तशीच मोजली, तीही १८. पडद्याआड बराच वेळ शांतता होती. "म्हणजे इतकी वर्षं मी छत्तीसच होतो?" याचं उत्तर द्यायला मी कामावरच्या मुलाला पुढे केलं.

तुम्हीही घरी पँटच मोजा, पोट नको. टेप दिसली की पोट आपोआप आत जातं, असा माझा अनुभव आहे. शिवाय बेंबीपाशी एक माप येतं आणि पट्टा बसतो तिथे दुसरंच. सध्या वापरात असलेली, नीट बसणारी पँट घ्या. कपाटातली फार जुनी नको, ती धुऊन आटलेली असते किंवा वापरून सैलावलेली. इलॅस्टिकवालीही नको, ती कुणालाही हो म्हणते.

शर्टाची भानगड निराळी आहे. जुन्या लेबलवरचे ४० म्हणजे तुमची छाती. शर्ट स्वतः ४४ असे, हात हलवायला चार इंच सैल. नवी पार्टी शर्टाचंच माप छापते. तेव्हा ४० वाल्यांनी न घाबरता ४४ मागावा. खात्री हवी असेल तर जुना शर्ट बटणं लावून पसरा, काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा.

एवढं करूनही ज्यांना नवा आकडा अंगावर सहन होणार नाही, त्यांच्यासाठी काउंटरवर कात्री ठेवली आहे. चार टाके उसवले की लेबल निघतं. मात्र लेबल काढलेला कपडा बदलून मिळणार नाही.

आपला,
दुकानदार