तारीख पिशवीवरची, थंडी दुकानातली

फिरत आलेला मेसेज: "सहा महिने टिकणाऱ्या खोक्यातल्या दुधात फॉर्मेलिन असतं, त्याला हात लावू नका. पिशवीचंच दूध घ्या, त्यातही ज्याचं फॅट जास्त तोच ब्रँड घ्या, दही घट्ट लागतं. तारखेच्या आत असेल तर दूध, दही, पनीर कुठल्याही दुकानातून बिनधास्त घ्या."

आधी खोक्याचं बोलू. पिशवीचं दूध डेअरीत ७२ अंशांवर १५ सेकंद तापवतात आणि लगेच गार करतात. त्यानं रोगजंतू मरतात, पण उष्णता सोसणारे काही जंतू आणि त्यांची बीजं उरतात, म्हणून ते थंडीत ठेवावं लागतं. खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून, निर्जंतुक केलेल्या बंद खोक्यात भरतात. आत नासवणारे जंतू उरलेले नसतात आणि बाहेरून काही शिरत नाही. टिकण्याचं कारण एवढंच. फॉर्मेलिनची भेसळ होते ती बहुधा कच्च्या दुधात, गोळा करून नेताना ते नासू नये म्हणून, आणि तो गुन्हा आहे.

खोक्यालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात महिनोन् महिने पडून राहिलं तर मुदतीच्या आतही त्याला कडवट चव येऊ शकते किंवा ते दाट होऊ शकतं. एकदा कापलं की ते साध्या दुधासारखंच, फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. ते आंबट वास न येताही बिघडतं, म्हणून नाकावर भरवसा ठेवू नये. पण दिवसाचे सहा-आठ तास लाइट नसणाऱ्या गावात, लहान लेकरू असलेल्या घरात, खोकंच जास्त भरवशाचं. अशा घराला ते टाळायला सांगणं नुकसानीचं आहे.

फॅटबद्दल थोडक्यात. पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं असेल तर फॅट किमान ६ टक्के असायला हवं, टोन्डला ३ आणि डबल टोन्डला दीड. म्हणजे अर्ध्या लिटरात फुल क्रीमचं साधारण ३० ग्रॅम, टोन्डचं १५ ग्रॅम. तूप काढायचं असेल, साय हवी असेल, तर हा फरक पैसे मोजण्यासारखा आहे. दही घट्ट होतं ते मुख्यतः प्रथिनांमुळे, आणि ती फॅटमध्ये येत नाहीत, एसएनएफमध्ये येतात, म्हणजे फॅट आणि पाणी वगळून उरलेल्या भागात. डबल टोन्डचं एसएनएफ किमान ९ टक्के, टोन्डचं साडेआठ. त्यामुळे कमी फॅटच्या दुधाचंही दही छान लागतं, फक्त वर साय नसते. उकळी आल्यावर दूध मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा आणि बोटाला सोसेल इतकं कोमट झाल्यावर विरजण लावा, फरक दिसेल. विकतचं दही घेताना डब्यामागे १०० ग्रॅमला प्रथिनं किती ते बघा, घट्टपणाचा अंदाज तिथे मिळतो.

आता तारीख. मेसेजचं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. पिशवीवरच्या तारखेशेजारी बारीक अक्षरात "५ अंशांखाली ठेवा" असं लिहिलेलं असतं. मुदत त्या अटीवर दिलेली आहे. अट मोडली की तारखेला अर्थ उरत नाही, ब्रँड कितीही मोठा असो.

मे महिन्यातला एखादा तालुक्याचा बाजार घ्या, परभणीकडचा किंवा बीडकडचा. टेम्पो पहाटे साडेपाचला क्रेट दुकानाच्या ओट्यावर उतरवून पुढे जातो. दुकान उघडतं साडेसातला. तोवर हवा ३० अंशांच्या पुढे गेलेली असते. अर्ध्या लिटरची सुटी पिशवी अशा हवेत तासाभरातच २० अंशांच्या आसपास पोचते. क्रेटच्या मधल्या पिशव्या मात्र एकमेकींच्या आडोशाने बऱ्याच वेळ गार राहतात. मग दुकानदार सगळं फ्रीजमध्ये ठेवतो आणि दुपारी पिशवी हाताला थंडगार लागते. पण मधल्या दोन तासांत वाढलेले जंतू थंडीने मरत नाहीत, फक्त थबकतात, आणि तयार झालेलं आम्ल दुधात तसंच राहतं. संध्याकाळी तुम्ही ते गॅसवर ठेवता, उकळी येते आणि दूध फाटतं. तारीख उद्याची असते. एकाच क्रेटमधली एक पिशवी नासते आणि दुसरी चांगली निघते, ती याच कारणाने. अशा वेळी सोडा टाकून दूध सावरू नका. आम्ल झाकलं जातं, जंतूंचं काम तसंच राहतं.

दुकानातल्या थंडीची खात्री करायला शंभर तऱ्हा नकोत. दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. दुकानातल्या दोन पिशव्या एकमेकींना चिकटवून धरा, दांडीचं टोक मधोमध दाबा आणि आकडा थांबेपर्यंत, साधारण दोन मिनिटं, थांबा. पिशवी कापावी लागत नाही. ५ किंवा कमी आलं तर दुकान चांगलं. ८ पर्यंत असेल तर घ्या, पण घरी नेल्यावर लगेच तापवा. त्याच्या वर असेल तर परत ठेवा. हे दुपारी तीनला करा, कारण फ्रीजची खरी परीक्षा दुपारच्या उन्हात होते. रात्री फ्रीज बंद करणारं दुकान ओळखायचं असेल तर सकाळी उघडताच जा आणि आदल्या दिवसाची पिशवी मोजा.

म्हणून निवड अशी करा. मोठ्या ब्रँडची पिशवी, दोन दिवस मुदत बाकी, पण फ्रीज १२ अंशांवर. शेजारच्या दुकानात जिल्ह्यातल्याच डेअरीचं दूध, मुदत आजचीच, पण टेम्पो सहाला येतो, माणूस हजर असतो आणि आठपर्यंत माल खपतो. दुसरं घ्या.

दह्यात जंतू जिवंतच असतात, त्यामुळे गरम फ्रीजमध्ये ते आंबट होत जातं. नुसतं आंबट दही कढीला चालतं. थोडं पाणी सुटलं तरी बिघडत नाही. पण पिशवी फुगलेली असेल किंवा डब्याचं झाकण वर आलेलं असेल, तर आत यीस्ट किंवा दुसरे जंतू वायू करतायत. ते घेऊ नका, चाखूनही बघू नका.

पनीरला आम्ल कमी आणि ओल भरपूर, म्हणून तिघांत तेच सगळ्यात नाजूक. व्हॅक्यूमचं प्लास्टिक तुकड्याला घट्ट चिकटलेलं हवं. ते सैल पडलं असेल, आत गढूळ पाणी असेल, तर सोडून द्या. मुदत सांभाळायला काही दुकानदार पनीर डीप फ्रीझरमध्ये टाकतात. बर्फाचे कण दिसले तर समजा की सुटल्यावर ते स्पंजासारखं होणार आणि भाजीत चुरा पडणार. फॅट बघायचं तर खरं इथे बघा. साध्या पनीरात पाणी जास्तीत जास्त ६० टक्के चालतं, आणि उरलेल्या कोरड्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट लागतं. म्हणजे १०० ग्रॅमला किमान २० ग्रॅम. पाकिटावर लो फॅट किंवा मीडियम फॅट लिहिलेलं नाही आणि आकडा २० च्या खाली आहे, तर ते पाकीट परत ठेवा. घटकांच्या यादीत पाम तेल किंवा वनस्पती फॅट असेल तर ते पनीरच नव्हे, मग आकडा २५ असला तरी.