बारावी फिजिक्स: मार्कामागे मिनिटं मोजायची की नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज: "मार्काला किती मिनिटं हा हिशोब म्हणजे पोरांच्या डोक्याला ताप. अभ्यास झालाय त्याचा पेपर वेळेत होतोच. आधी मोठे प्रश्न उरका, छोटे शेवटी पटापट होतात. आणि सारखं घड्याळ बघून पोरं घाबरतात."

अभ्यासाचं आधी बोलू. माझ्या भाचीला फिजिक्स चांगलं येतं, तरी घरी सोडवलेल्या पहिल्या जुन्या पेपरात तिचा चार मार्कांचा एक अख्खा प्रश्न कोरा राहिला. तो तिला येत होता! वेळ कुठे गेला ते शोधायला आम्ही प्रत्येक सेक्शन संपल्यावर समासात वेळ लिहायची सवय लावली, आणि दुसऱ्या पेपराला उत्तर सापडलं. सेक्शन सी मधे, म्हणजे तीन-तीन मार्कांचे आठ, तिला 80 मिनिटं लागली, त्यातली 30 फक्त दोन गणितांत. बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल वापरावं लागतं, आणि ती अँटिलॉग चुकला म्हणून परत करत बसली होती. आता बघा, तीन मार्कांच्या गणितात सूत्र लिहिलं, किमती नीट भरल्या की साधारण दोन मार्क हातात आलेले असतात, उरलेला एक शेवटच्या आकडेमोडीचा. म्हणजे दोन गणितं मिळून दोन मार्कांसाठी तिने नेहमीपेक्षा 14 मिनिटं जास्त दिली, आणि तेवढ्यात चार मार्कांचा प्रश्न आरामात झाला असता. अभ्यास कमी पडला नाही हो, कुठे सोडायचं ते कळलं नाही.

मिनिटांचा हिशोब त्यासाठीच असतो, भरभर लिहिण्यासाठी नाही. तीन मार्कांच्या प्रश्नाला आठ मिनिटं झाली की किमती भरून तिथेच थांबायचं, खाली चार-पाच ओळी मोकळ्या ठेवायच्या आणि पुढे जायचं. लॉग शेवटी.

आता मोठे प्रश्न आधी घ्यायचं बघू. पेपर 70 मार्कांचा, वेळ तीन तास, आणि 2023 पासून वाचायला आधी मिळणारी 10 मिनिटं बंद होऊन शेवटी 10 वाढवून मिळतात, म्हणजे 11 ते 2:10. पोरांनी सरळ भागाकार केला तर मार्काला पावणेतीन मिनिटांच्या जवळपास येतं आणि तेच सगळीकडे लावतात, इथे चूक होते. सेक्शन ए चे 18 मार्क (10 एमसीक्यूचे, 8 एका वाक्याच्या उत्तरांचे) 30 मिनिटांत होतात, 11:30. सेक्शन बी चे 16 मार्क 40 मिनिटांत, 12:10. सी चे 24 ला 65 मिनिटं, 1:15. डी चे 12 ला 35, 1:50. शेवटची 20 मिनिटं मोकळ्या सोडलेल्या ओळींसाठी आणि एककं तपासायला. म्हणजे सगळ्यात स्वस्त मार्क ए मधे आहेत, दोन मिनिटांच्या आतला एक मार्क, आणि तेच शेवटच्या दहा मिनिटांत हात दुखत असताना उरकायचे म्हणजे काय? एमसीक्यूला पहिलं लिहिलेलं उत्तरच धरतात, घाईत चुकीचा पर्याय लिहिला की गेला. शिवाय डी मधे पाचातले तीन सोडवायचे असतात, त्यात सगळ्यात आधी हात घातला तर निवडतानाच मन डगमगतं, एक अर्धा लिहून दुसरा सुरू करणारी मुलं मी बघितली आहेत.

घाबरण्याचं म्हणाल तर दर प्रश्नाला घड्याळ बघितलं तर खरंच जीव घाबरतो, ते मान्य. पण वर चारच वेळा आहेत, 11:30, 12:10, 1:15, 1:50, तेवढ्यांनाच मान वर करायची. 12:10 ला बी मधलं एक राहिलं असेल तर ते सोडून सी सुरू, घाबरायला जागाच राहत नाही कारण पुढे काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं.

पण ह्या वेळा माझ्या भाचीच्या. तुमच्या तुम्हीच काढा: तीन जुने पेपर, सलग बसून, मधे उठणं नाही, लॉग टेबल घेऊन, आकृत्या खऱ्या काढून, आणि प्रत्येक सेक्शनची मिनिटं भागिले मार्क. उत्तरं नुसती मनात म्हणत सोडवलेला पेपर इथे धरू नका, हाताचा वेग त्यात कळतच नाही. तिसऱ्या पेपरला तिचा सी 66 मिनिटांवर आला, दोन लॉग ओळी मोकळ्या ठेवून, आणि डी तिन्ही पूर्ण झाले. त्यातला एक लॉग शेवटपर्यंत राहिलाच, तो मार्क आम्ही सोडून दिला.